गाडी सोलापुरात बंद पडली, ई-वे बिलात नंबर मात्र जुनाच: नेमकं करायचं काय?

हायवेवर तपासणीसाठी गाडी थांबते. ड्रायव्हर कागद पुढे करतो. बिल बरोबर, माल बरोबर, पत्ते बरोबर. पण कागदावरचा गाडीचा नंबर एका ट्रकचा आणि समोर उभा आहे दुसराच ट्रक. ड्रायव्हर सांगतो, "साहेब, पहिली गाडी मागे फेल झाली, माल पलटी करून आणलाय." (वाहतुकीच्या धंद्यात पलटी म्हणजे एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत भरणं, गाडी उलटणं नव्हे.) तो खरंच बोलतोय, तरीही गाडी अडकू शकते. कारण पोर्टलवर या मालासोबत जो ट्रक जोडलेला आहे, तो पन्नास-शंभर किलोमीटर मागे गॅरेजमध्ये उभा आहे.

हा घोळ होऊ नये म्हणून नियमात सोय आहे, आणि ती पाच मिनिटांची आहे. पण ती कोणी वापरायची, कधी वापरायची आणि तिने काय बदलतं, काय बदलत नाही, याबद्दल बिलिंगला बसणारा आणि ट्रान्सपोर्टर या दोघांच्याही डोक्यात बराच गोंधळ असतो.

ई-वे बिल म्हणजे काय, आणि त्याचे दोन भाग

ई-वे बिल म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर केलेली नोंद: अमुक माल, अमक्याकडून तमक्याकडे, या बिलावर, या गाडीतून निघाला आहे. नोंद झाली की बारा आकडी नंबर मिळतो. आंतरराज्य वाहतुकीसाठी १ एप्रिल २०१८ पासून ते देशभर लागू आहे. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर ही मर्यादा १ लाख रुपये आहे. किंमत करासकट धरायची, इथे पुष्कळजण चुकतात. ४५,००० चा माल, वर १८ टक्के कर, म्हणजे बिल ५३,१०० चं. हा माल राज्याबाहेर निघाला तर ई-वे बिल लागणारच.

या नोंदीचे दोन भाग आहेत. भाग अ मध्ये बिलाची माहिती असते: दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर व तारीख, माल, त्याचा एचएसएन कोड (म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला आकडी क्रमांक), किंमत, कर, पोचवायच्या ठिकाणाचा पिनकोड. भाग ब मध्ये प्रवासाची माहिती: गाडीचा नंबर आणि ट्रान्सपोर्टरची बिल्टी.

भाग अ दगडावर कोरलेला असतो आणि भाग ब पाटीवर खडूने लिहिलेला. पाटीवरचं पुसून कितीही वेळा लिहा. दगडावरचं चुकलं तर दगडच टाकून द्यावा लागतो, म्हणजे ई-वे बिल रद्द करून नवीन काढावं लागतं, आणि तेही तयार केल्यापासून २४ तासांच्या आत. वाटेत अधिकाऱ्याने तपासून नोंद केली असेल तर तेवढीही मुभा उरत नाही.

म्हणूनच पक्कं बिल आधी, ई-वे बिल नंतर

पुढची सगळी चर्चा एका उदाहरणावर करू. चाकणच्या एका कारखान्यातून हैदराबादच्या व्यापाऱ्याला ४० इलेक्ट्रिक पॅनल जायची आहेत. नगाला १०,००० प्रमाणे ४ लाख, त्यावर १८ टक्के आयजीएसटी ७२,०००, एकूण बिल ४,७२,००० रुपयांचं.

बिल अजून मसुद्यात असताना, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कन्फर्म व्हायच्या आधी, घाईने ई-वे बिल काढण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. गाडी दारात उभी असते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. मग लोडिंगच्या वेळी कळतं की दोन पॅनलची टेस्टिंग राहिली आहे, आज ३८ च जातील. आता बिल ३८ चं होणार आणि ई-वे बिल मात्र ४० नगांचं, ४,७२,००० रुपयांचं. दगडावर कोरून झालं. त्यामुळे क्रम असा हवा: माल मोजून बाजूला काढा, मग बिल पक्कं करा, मग त्यातून ई-वे बिल काढा.

ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना ई-इन्व्हॉइस करावं लागतं. तिथे बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवलं जातं आणि त्याला आयआरएन नावाचा लांबलचक नंबर मिळतो. या आयआरएनवरून ई-वे बिलाचा भाग अ जवळजवळ आपोआप भरला जातो. सोय उत्तम आहे, पण चूक झाल्यावर क्रम उलटा लागतो. आधी ई-वे बिल रद्द करायचं, मग आयआरएन. चालू ई-वे बिल असेल तोवर आयआरएन रद्द होत नाही. आणि रद्द झालेल्या बिलाचा नंबर परत वापरता येत नाही, नवीन नंबरचं बिल करावं लागतं.

बिलातून काय येतं आणि काय येत नाही

जीएसटी नंबर, रक्कम, कर, एचएसएन हे सगळं बिलातून सरळ उचललं जातं. सगळ्यात जास्त चुका होतात त्या पिनकोडमध्ये. व्यापाऱ्याचं ऑफिस शहरात असतं आणि गोदाम वीस-तीस किलोमीटर बाहेर. सॉफ्टवेअर मात्र बिलाचा पत्ता उचलतं, माल उतरवायचा नाही. एका पिनकोडने काय बिघडतं? पोर्टल दोन्ही पिनकोडमधलं अंतर स्वतः काढतं आणि त्या अंतरावर ई-वे बिलाची मुदत ठरते. त्यामुळे पार्टीच्या खात्यात 'बिल टू' आणि 'शिप टू' असे दोन वेगळे पत्ते आधीच भरून ठेवलेले बरे.

बिलातून येत नाहीत त्या गोष्टी चार: ट्रान्सपोर्टरचा आयडी, बिल्टीचा नंबर, अंतर आणि गाडीचा नंबर. अंतराच्या रकान्यात ई-इन्व्हॉइसमधून काढताना `0` टाकलं की पोर्टल स्वतः आकडा भरतं. आपला रस्ता त्याहून लांबचा असेल तर पोर्टलच्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर लिहिता येतं, त्यावर नाही.

ट्रान्सपोर्टरच्या आयडीला एक वेगळंच वजन आहे, ते पुढे कळेल. तूर्त एवढंच: आपल्या उदाहरणात कारखान्याने ट्रान्सपोर्टरचा आयडी टाकला आणि गाडीचा नंबर रिकामा ठेवला. माल टेम्पोने निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरला गेला. राज्यातल्या राज्यात, पाठवणाऱ्याकडून ट्रान्सपोर्टरच्या गोदामापर्यंत अंतर ५० किलोमीटरच्या आत असेल तर त्या टप्प्यासाठी भाग ब भरावा लागत नाही. भाग अ भरून मिळालेला नंबर १५ दिवस चालतो. तेवढ्यात ट्रान्सपोर्टरने गाडीचा नंबर भरायचा.

घड्याळ कधी सुरू होतं?

ई-वे बिलाची मुदत पहिल्यांदा भाग ब भरला की सुरू होते, भाग अ भरल्यावर नाही. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या राहिलेल्या भागाला एक दिवस. (अवाढव्य, गाडीबाहेर येणाऱ्या मालासाठी दर २० किलोमीटरला एक दिवस.) चाकण ते हैदराबाद पोर्टलने ५८० किलोमीटर धरले असं समजू. म्हणजे तीन दिवस.

हा 'दिवस' मोजण्याची रीत जरा वेगळी आहे. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. ट्रान्सपोर्टरने सोमवारी संध्याकाळी ६ वाजता गाडीचा नंबर भरला, तर पहिला दिवस मंगळवारी रात्री १२ ला संपेल, दुसरा बुधवारी, तिसरा गुरुवारी. म्हणजे गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत माल हैदराबादच्या गोदामात पोचायला हवा. जुने ट्रान्सपोर्टर रात्री पावणेबाराला नंबर भरत नाहीत, बारा वाजून गेल्यावर भरतात. वीस मिनिटं थांबलं की पदरात जवळजवळ अख्खा दिवस जास्त पडतो आणि त्यात बेकायदा काहीच नाही. अट एकच, तोवर गाडी हलता कामा नये.

गाडी सोलापुरात बंद पडली

मंगळवारी पहाटे सोलापूरजवळ गाडीचं गिअरबॉक्स गेलं. इथे दोन शक्यता. गाडी तिथेच दुरुस्त होऊन तोच ट्रक पुढे जाणार असेल तर काहीच करायचं नाही. नंबर तोच, मुदतही तीच. पण माल दुसऱ्या ट्रकमध्ये भरायचा ठरला, तर तो हलवून पुढे निघण्याआधी भाग ब मध्ये नवा नंबर भरायचा. 'आधी' हा शब्द नियमातच आहे. हैदराबादला पोचल्यावर सावकाश भरू, हे चालत नाही.

पोर्टलवर `e-Waybill` मेनूमध्ये `Update Part B/Vehicle` आहे. तिथे बारा आकडी नंबर टाकायचा आणि पुढचं भरायचं: नव्या ट्रकचा नंबर, ठिकाण, राज्य, कारण. कारणांमध्ये गाडी बिघडली, पलटी झाली, इतर असे पर्याय असतात. ज्यांचं सॉफ्टवेअर थेट पोर्टलशी जोडलेलं आहे, त्यांच्याकडून साधारण अशी माहिती जाते:

```json
{
  "ewbNo": 271000000000,
  "vehicleNo": "MH13XX1234",
  "fromPlace": "SOLAPUR",
  "fromState": 27,
  "reasonCode": "1",
  "reasonRem": "Gearbox failure",
  "transDocNo": "LR1045",
  "transDocDate": "11/03/2025",
  "transMode": "1",
  "vehicleType": "R"
}
```

इथे `reasonCode` मधला `1` म्हणजे बिघाड, `2` म्हणजे पलटी. `fromState` मधला `27` हा महाराष्ट्राचा कोड. आणि `fromPlace` कडे नीट बघा. तिथे सोलापूर आहे, चाकण नाही. माल जिथून नव्या गाडीत चढला ते ठिकाण द्यायचं. सवयीने चाकण लिहिलं तर नोंद सांगते की नवा ट्रक मंगळवारी सकाळी चाकणहून निघाला, आणि दोन तासांनी तो तेलंगणाच्या हद्दीवर तपासणीत सापडतो. इतक्या वेळात इतकं अंतर कोणता ट्रक कापतो, हा प्रश्न अधिकारी विचारणारच.

नोंद झाली की ई-वे बिलाचा नंबर तोच राहतो, फक्त गाडीचा रकाना बदलतो. जुन्या गाडीची नोंदही इतिहासात राहते. ड्रायव्हरला नवी प्रिंट किंवा मोबाइलवर पीडीएफ पाठवा, नाहीतर त्याच्या खिशात जुनाच कागद राहतो.

ट्रेलरवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. मागचा सांगाडा तोच राहिला आणि फक्त पुढचं इंजिन बदललं, तरी भाग ब मधला नंबर इंजिनाचा असेल तर ती गाडी बदललीच.

पण नंबर बदलायचा कोणी?

पहाटे साडेतीनला ट्रान्सपोर्टर फोन उचलत नाही म्हणून कारखान्याचा माणूस स्वतः लॉगिन करतो आणि पोर्टल त्याला नंबर बदलू देत नाही. कारण ट्रान्सपोर्टरच्या आयडीचं वजन ते हेच. एकदा तो आयडी भरला की किल्ली त्याच्या हातात गेली. गाडी बदलणं, मुदत वाढवणं ही कामं मग तोच करणार. पाठवणाऱ्याला ट्रान्सपोर्टर परस्पर बदलताही येत नाही.

सोलापुरात त्याने भाड्याने दुसऱ्याचा ट्रक घेतला तरी हरकत नाही, गाडी कोणाच्या मालकीची हे इथे महत्त्वाचं नाही. पण पुढची जबाबदारीच दुसऱ्या ट्रान्सपोर्टरला दिली असेल, तर पहिल्याने `Update EWB Transporter` मधून त्याचा आयडी टाकायचा. त्यानंतर किल्ली नव्याकडे. पहिल्याला मग गाडीचा नंबरही बदलता येत नाही. म्हणून ही पायरी घाईने उरकू नये.

आयडी रिकामा ठेवून गाडीचा नंबर स्वतःच भरला असेल, तर किल्ली पाठवणाऱ्याकडेच राहते. स्वतःच्या गाड्या असलेल्यांना ते सोयीचं आहे. इतरांनी रात्री-अपरात्री लॉगिन करणारा माणूस आपल्याकडे आहे का, ते आधी बघावं. १ एप्रिल २०२५ पासून लॉगिनला ओटीपी सगळ्यांनाच लागतो, आणि तो ज्याच्या मोबाइलवर येतो तो झोपला असेल तर पासवर्ड माहीत असून उपयोग नाही.

एका मोठ्या ट्रकऐवजी दोन छोट्या गाड्या मिळाल्या तर?

सोलापुरात मोठा ट्रक मिळाला नाही, दोन छोट्या गाड्या मिळाल्या. एकीत २४ पॅनल, दुसरीत १६. इथे नेहमीच्या पद्धतीने आधी एका गाडीचा नंबर भरला आणि मग दुसरीचा, तर पाटीवरचं पुसून नवं लिहिलं जातं. पहिल्या गाडीचा नंबर हटतो आणि ती २४ पॅनल घेऊन नोंदीशिवाय धावत राहते.

यासाठी वेगळी सोय आहे: `Change to Multi-vehicle`. आधी कुठून कुठे (सोलापूर ते हैदराबाद), एकूण नग ४०, आणि मग प्रत्येक गाडीचा नंबर व तिच्यातले नग. बेरीज ४० व्हायला हवी. दोन्ही गाड्यांकडे ई-वे बिलाचा नंबर एकच. बिल मात्र एकच असल्याने दुसऱ्या गाडीबरोबर बिलाची सही-शिक्क्याची प्रत द्या आणि कोणत्या गाडीत किती नग आहेत, ते वेगळ्या कागदावर लिहून द्या.

पार्ट लोडचा ट्रक असेल, म्हणजे एकाच गाडीत पंचवीस-तीस पार्ट्यांचा माल, तर ट्रान्सपोर्टरने सगळ्यांचं मिळून एकत्रित ई-वे बिल काढलेलं असतं. तिथे एकेका बिलात जायची गरज नाही. एकत्रित बिल `Re-generate` करून नवा गाडी नंबर टाकला की त्याचा नवा क्रमांक मिळतो. एकत्रित बिलाला स्वतःची मुदत नसते, आतल्या प्रत्येकाची आपापली मुदत चालू राहते. त्यामुळे एका पार्टीची संपत आली असेल तर ती वेगळी सांभाळावी लागते.

गाडी बदलली म्हणजे मुदतही वाढली ना?

नाही. सर्वात महाग पडणारा गैरसमज हाच. नवा ट्रक बुधवारी सकाळी निघाला तरी मुदत गुरुवारी मध्यरात्रीपर्यंतचीच. सोलापूरपासून साधारण ३१० किलोमीटर उरले आहेत, तेव्हा ती पुरेल. पण ट्रक मिळायलाच गुरुवार उजाडला, तर मुदत वेगळी वाढवून घ्यावी लागेल.

त्याची खिडकी ठरलेली आहे: मुदत संपण्याआधीचे ८ तास आणि संपल्यानंतरचे ८ तास. आपल्या उदाहरणात गुरुवारी दुपारी ४ पासून शुक्रवारी सकाळी ८ पर्यंत. `Extend Validity` मध्ये कारण, गाडी सध्या कुठे आहे तो पिनकोड आणि उरलेलं अंतर भरायचं. ३१० किलोमीटर उरले असतील तर दोन दिवस मिळतात. शुक्रवारी सकाळी सव्वाआठला जाग आली तर दार बंद, आणि मुदत संपलेल्या ई-वे बिलात गाडीचा नंबरही बदलता येत नाही. म्हणून गाडी रस्त्यात अडकली असेल तर गुरुवारी दुपारी चारचा गजर लावून ठेवा.

नंबरातला एखादा आकडा चुकला तर?

त्यासाठी १४ सप्टेंबर २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकात सवलत आहे. गाडीच्या नंबरातली एक-दोन अक्षरं किंवा आकडे चुकले, आणि बाकी सगळं बरोबर असेल, तर माल अडकवून न ठेवता एकूण १,००० रुपये दंडावर प्रकरण मिटतं. पार्टीच्या नावाचं स्पेलिंग चुकलं पण जीएसटी नंबर बरोबर असेल, तरी तेच. चूक आपल्याच लक्षात आली तर भाग ब मध्ये 'इतर' हे कारण देऊन बरोबर नंबर पुन्हा भरता येतो.

पण ही सवलत चुकीला आहे, न केलेल्या नोंदीला नाही. कागदावर एक ट्रक आणि रस्त्यावर पूर्णपणे वेगळा ट्रक, हे एक-दोन आकड्यांच्या चुकीत बसत नाही. तिथे कलम १२९ लागू शकतं. मालक पुढे आला तर दंड कराच्या २०० टक्के. आपल्या ४० पॅनलवर कर ७२,०००, म्हणजे दंड १,४४,०००, आणि तो भरेपर्यंत किंवा तेवढी हमी देईपर्यंत गाडी आणि माल तिथेच.

तपासणीत थांबवल्यावर पटकन नंबर बदलला तर चालेल?

हा प्रश्न ड्रायव्हर हमखास विचारतात. पोर्टल नोंद घेतं, अडवत नाही. पण भाग ब च्या इतिहासात प्रत्येक गाडीपुढे ती कोणत्या ठिकाणाहून, कोणत्या तारखेला, किती वाजता भरली हे छापलेलं असतं. गाडी ११ वाजता थांबवली आणि नवा नंबर ११ वाजून ६ मिनिटांनी भरला, हे अधिकाऱ्याला त्याच्याच स्क्रीनवर दिसतं. अशा वेळी सोलापूरच्या गॅरेजची पावती, क्रेनचं बिल, बंद पडलेल्या गाडीचा तारीख-वेळेसह फोटो हे तरी हाताशी असू द्या. त्याने उशीर पुसला जात नाही, पण गाडी खरंच बिघडली होती हे दाखवता येतं, आणि नोटिशीला उत्तर देताना तोच कागद कामाला येतो.